बॉक्स नंबर त्रेसष्टचा मायना

ते पत्र मी पाच वेळा लिहिलं. चार वेळा मायन्यासाठी आणि एकदा शाई सांडली म्हणून. मजकूर पहिल्यापासून तोच होता: वय बावीस, बी.एस्सी. दुसरा वर्ग, विषय रसायन आणि पदार्थविज्ञान, प्रकृती चांगली. तो बदलायची गरज नव्हती. अडत होतं ते त्याच्या वरच्या दोन शब्दांपाशी आणि खालच्या दोन शब्दांपाशी.

सदतीस सालचा श्रावण होता. नागपूरहून पदवी घेऊन मी वाशीमजवळच्या मालेगावला घरी आलो त्याला तीन महिने झाले होते. वडील, पुंजाजी, शेतावरून आले की ओट्यावर बसून शेजाऱ्याला सांगत, "जगदेव बी.एस्सी. झाला." शेजारी विचारी, "म्हंजे काय करते?" वडील म्हणत, "आता करन." हे 'आता करन' मी आतल्या खोलीत रोज ऐकत असे.

आठवड्यातून एकदा मी सर्व्हिस मोटारीने वाशीमला जाई आणि तिथल्या वाचनालयात नागपूरच्या इंग्रजी पत्रातल्या जाहिराती उतरवून घेई. त्यांतली एक अशी होती: वऱ्हाडातल्या चाळीस जिनांच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात जबाबदारीच्या जागेसाठी पदवीधर पाहिजे, शास्त्र शाखेचा असल्यास उत्तम. इंग्रजी पत्रव्यवहार स्वतंत्रपणे करता आला पाहिजे. कारखान्याची स्वतःची रेल्वे सायडिंग. राहण्यास घर. प्रशस्तिपत्रांच्या फक्त नकला पाठवाव्यात. लिहा: बॉक्स नंबर ६३, मार्फत पत्राची कचेरी. कारखान्याचं नाव नाही, गावाचं नाही, माणसाचं नाही.

आता या त्रेसष्ट नंबरला काय म्हणायचं? मराठीत पत्र असतं तर लिहिताच आलं नसतं. आपला मायना आधी माणूस मागतो. तो वडील असेल तर तीर्थरूप, धाकटा असेल तर चिरंजीव, बरोबरीचा असेल तर राजमान्य राजश्री. बाई असेल तर तिचा नवरा आहे की गेला हेसुद्धा माहीत पाहिजे. नाव, वय, नातं कळल्याशिवाय पहिली ओळ कागदावर उतरत नाही. इंग्रजीत उतरते, हे मला ठाऊक होतं. पण 'डिअर सर' लिहून मी आतापर्यंत अकरा अर्ज पाठवले होते आणि अकराही विहिरीत टाकलेल्या खड्यांसारखे गेले होते. निदान खडा पडल्याचा आवाज तरी येतो.

वाशीमच्या तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली उकंडराव अर्जनवीस बसत. गावातले अर्ज, दरखास्ती, रेल्वेला लिहायच्या तक्रारी, सगळं त्यांच्या लाकडी पेटीवर लिहिलं जाई. इंग्रजी चौथीपर्यंतच शिकलेले, पण मायन्यांच्या बाबतीत त्यांच्या तोंडाला तोंड द्यायची कोणाची हिंमत नव्हती. मी त्यांना बॉक्स नंबरची गोष्ट सांगितली.

"त्यात काय एवढं?" ते म्हणाले. "सरकारी साहेब असला तं नुसतं 'सर', अन् खाली 'आय हॅव द ऑनर टू बी' पासून 'मोस्ट ओबिडिअंट सर्व्हंट' पावतर सारं. कंपनी असली तं 'डिअर सर्स'. एकटा माणूस अन् नाव ठाऊक नाई, तं 'डिअर सर'. खाली 'युवर्स फेथफुली'. झालं."

"आणि नाव ठाऊक असलं तर?"

"तं 'डिअर मिस्टर अमुक' अन् 'युवर्स सिन्सिअरली'. पण त्याले वळख लागते. दोन्हीची जोडी मोडाची नाई. वर 'सर' अन् खाली 'सिन्सिअरली' लिहिलं, का धोतरावर टाय झाला."

"मी नाव शोधून काढलं तर?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "भाऊ, ज्यानं नाव झाकलं त्याले नावानं हाक कायले मारता? झाकलं म्हंजे काई कारण असन."

मी हसलो. मला वाटलं, ही जुन्या माणसाची सवय आहे. आमच्या प्रयोगशाळेत अनोळखी क्षार दिला की त्याचं नाव सांगितल्याशिवाय कोणाला गुण मिळत नसत. नाव झाकलेलं असतं ते ओळखण्यासाठीच.

मग मी ओळखायला बसलो. सरकी काढायची चाळीस यंत्रं म्हणजे जिनं, रुईच्या गाठी बांधायचा प्रेस आणि मालडबे आत आणणारा स्वतःचा रूळ, म्हणजे सायडिंग. रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या कारकुनाला विचारून मी अकोल्यापासून हिंगोलीपर्यंतच्या स्टेशनांची यादी केली. कुठे जिनं चाळीस होती पण सायडिंग नव्हती, कुठे सायडिंग होती पण प्रेस नव्हता. तिन्ही गोष्टी एका ठिकाणी होत्या, आणि ते ठिकाण वाचनालयापासून पाऊण मैलावर होतं. रामधनसेठ म्हणून अकोल्याचे एक व्यापारी होते, त्यांचा कारखाना. सेठ वर्षातून दोनदा येत. बाकी सगळं गोविंदसिंग ठाकूर नावाचे मॅनेजर पाहत.

दुसऱ्या फेरीत मी तिकडे गेलो. पावसाळ्यात कारखाना बंद असतो. मोठ्या शेडमध्ये यंत्रं ओळीनं उघडी पडली होती, जमिनीवर लाकडी रोलर मांडलेले होते, आणि पन्नाशीचा एक उंच, मिशा पांढऱ्या झालेला माणूस मांडी घालून रोलरवर नवं चामडं बसवत होता. तेच गोविंदसिंग. मी शास्त्राचा पदवीधर आहे, कारखाना बघायची इच्छा आहे, इतकंच सांगितलं. नोकरीचं नाव काढलं नाही. वाटलं, अर्जदारानं आधीच येऊन भेटणं नियमात बसत नसेल.

"बी.एस्सी.?" ते उठून उभे राहिले. मला त्याचा संकोच वाटायला हवा होता, वाटला नाही. "या या. आमच्याकडे शिकेल माणूस येते कुठं! पाहा, काय पाह्यचं ते."

दोन तास त्यांनी मला फिरवलं. रोलरच्या चामड्याला खाचा किती खोल हव्यात, चामडं गुळगुळीत झालं की रुई कशी तुटते, हे सांगितलं. एका पोत्याच्या तळातून गेल्या हंगामातला कापूस काढला, त्यातली सरकी दाताखाली धरून कट्कन फोडली आणि म्हणाले, "असा आवाज आला का कापूस वाळला. मऊ दबली तं ओला. ओला माल प्रेसमधी गेला तं गाठ आतून पिवळी पडते."

मी म्हणालो, "कापसात साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओलावा असावा लागतो. तो वाळवून, वजन करून काढता येतो."

"किती टाइम लागते?"

"काही तास."

"अन् गाड्या दीडशे उभ्या असतेत," ते हसून म्हणाले. "पण तुमचं बी शिकलं पाह्यजे. दोन्ही पाह्यजे."

त्यांच्या घरी त्यांच्या पत्नी रूपाबाईंनी चहा दिला. कारखान्याच्या आवारात विहिरीजवळ दोन खोल्यांचं पक्कं घर होतं. पुढे तुळस, बाजूला दोडक्याचा वेल. मी विचारलं, "कारखान्याची आणखी घरं आहेत का?"

"नाई जी, हे एकच," रूपाबाई म्हणाल्या. "मी लग्न होऊन याच घरात आलो. बावीस वर्सं झाले."

मी ते ऐकलं. वहीतही लिहिलं: घर एकच. जाहिरातीत 'राहण्यास घर' असं होतं तेही वहीत आधीच्याच पानावर होतं. एक पान उलटायचं होतं. मी उलटलं नाही.

कारण मी दुसऱ्याच निष्कर्षाच्या मागे होतो. गोविंदसिंगांनी 'आमच्याकडे शिकेल माणूस येते कुठं' म्हटलं, 'दोन्ही पाह्यजे' म्हटलं. मी ठरवलं, यांनीच जाहिरात दिली आहे आणि मला न सांगता ते पारखून घेत आहेत. इतका वेळ फिरवायचं दुसरं कारण काय असणार? कोणी कोणाला उगाच दोन तास देतो, हे मला सुचलंच नाही.

घरी येऊन मी पाचवं पत्र लिहिलं. वर 'डिअर मिस्टर ठाकूर', खाली 'युवर्स सिन्सिअरली'. जोडी बरोबर होती. मध्ये लिहिलं, बॉक्स नंबर ६३ खाली आपण दिलेल्या जाहिरातीस अनुसरून हा अर्ज करीत आहे, आणि आपल्या कारखान्यास दिलेल्या भेटीचा मला फार उपयोग झाला. पाकिटावर त्यांचं नाव आणि कारखान्याचा पत्ता घातला. पण मी प्रयोग करणारा माणूस. एकाच नळीवर भरवसा ठेवायचा नाही म्हणून 'डिअर सर' आणि 'युवर्स फेथफुली'वालं चौथं पत्रही नागपूरला बॉक्स नंबरवर टाकून दिलं.

चौथ्या दिवशी मोटारीच्या ड्रायव्हरकडे निरोप आला: गोविंदसिंग ठाकुरांनी बोलावलं आहे. मी धुतलेला कोट घातला. वडील ओट्यावरून म्हणाले, "मिळाली?" मी म्हणालो, "मिळाल्यासारखीच."

गोविंदसिंग कचेरीच्या खोलीत एकटेच बसले होते. समोर माझं पत्र उघडं होतं. त्यांनी मला खुर्ची दिली.

"बाबू, तुमचं कागद आलं. चार लाइनी असल्या तं मी समजून घेतो. हे लंबं हाय. माझी इंग्रजीची चिठ्ठी उकंडराव वाचतेत, पण म्हटलं तुमचंच हाय, तं तुमच्याच तोंडून ऐकू. नौकरी पाह्यजे असन तं तोंडानंच काहून नाई म्हटलं त्या दिवशी? मी सेठच्या कानावर घालतो. वजनकाट्यावर एक हुशार माणूस मले पाह्यजेच हाय."

मी पत्र हातात घेतलं. पहिली ओळ वाचून मराठीत सांगितली, "प्रिय ठाकूरसाहेब." ते खूश झाले. "अस्सं." मग दुसरी: "बॉक्स नंबर त्रेसष्ट खाली आपण दिलेल्या जाहिरातीस—"

"मी कुठं जाहिरात देल्ली?"

मी थांबलो.

"कोणती जाहिरात?" त्यांनी सहज विचारलं. "काय लिहिलं त्यात?"

खोटं बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता, पण मला काही सुचलं नाही, कारण त्याच क्षणी माझ्या डोक्यात वहीचं ते पान उलटलं. जबाबदारीची जागा. इंग्रजी पत्रव्यवहार. राहण्यास घर. घर एकच. मी जाहिरात तोंडपाठ म्हणून दाखवली. वर्गात उत्तर म्हणतात तशी, एकही शब्द न गाळता.

गोविंदसिंगांनी एकेक गोष्ट बोटांवर मोजली. बाहेर कोणीतरी रोलर ठोकत होतं.

"चाळीस जिनं," ते म्हणाले. "सायडिंग बी आमचीच. अन् घर बी हेच." मग खिडकीबाहेर दोडक्याच्या वेलाकडे पाहून म्हणाले, "सेठ गुढीपाडव्याले आल्ते. रूपाच्या हातची पुरणपोळी खाल्ली. काई बोलले नाई."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"तुमाले कसं माहीत राहीन? मलेच नाई." त्यांनी पत्राच्या तळाशी बोट ठेवलं. "हे खाली काय लिहिलं?"

"युवर्स सिन्सिअरली."

"म्हंजे?"

"तुमचा... मनापासून."

"मनापासून," ते म्हणाले. टोमणा मारल्यासारखं नव्हे. नवा शब्द ऐकल्यासारखं. त्यामुळेच मला तिथे बसवेना. मी उठलो तर त्यांनी हातानं बसवलं.

"जाऊ नका. आता तुमी एक काम करा. माझं बी एक अर्ज लिहा. याच जाहिरातीले."

"तुमचा अर्ज? तुमच्याच जागेसाठी?"

"मंग? सेठले ग्रॅज्युएट पाह्यजे तं पाह्यजे. पण अर्ज कराले तं मनाई नाई केली ना त्यानं? करतो मी अर्ज."

मी म्हणालो, "मग सरळ रामधनसेठांच्या नावानं लिहू या. डिअर—"

"नाई." त्यांचा आवाज पहिल्यांदाच मोठा झाला. "सेठनं नाव झाकलं ना? झाकलंच राहू द्या. मी नाव घेतलं तं सेठले माझ्यासमोर खाली पाहा लागन. नाव माहीत नसते तवा काय लिहितेत?"

"डिअर सर."

"तेच लिहा."

मी त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच टाकानं लिहायला घेतलं. मॅनेजरच्या जागेचा बावीस हंगामांचा अनुभव. आग एकदाही नाही. रोलर, प्रेस, वजनकाटा यांची पूर्ण माहिती. 'इंग्रजी पत्रव्यवहार' या कलमाशी मी थांबलो तर ते म्हणाले, "खोटं नका लिहू. थोडी समजते, लिहाले दुसऱ्याचा हात लागते, असं लिहा." मी तसं लिहिलं. आपल्या विरुद्ध जाणारी माहिती कोणी अर्जात घालताना मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

"शेवटी काय?"

"नाव माहीत नसलं की 'युवर्स फेथफुली'."

"त्याचा अर्थ?"

"तुमचा विश्वासू. मराठीतही आपण 'आपला विश्वासू' लिहितो."

"हे बराबर हाय," ते म्हणाले. "हे असंच राहू द्या."

सही त्यांनी स्वतः केली, एकेक अक्षर जागेवर बसवत, जीभ दातात धरून. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आता खाली लिहिणाऱ्याचं नाव टाका. उकंडराव टाकतेत. लिहून देणाऱ्याचं नाव असलं पाह्यजे."

मी म्हणालो, "इंग्रजी अर्जात तशी पद्धत नाही."

हे खोटं होतं. निदान मला तशी पद्धत नाही हे ठाऊक नव्हतं आणि मी ठाऊक असल्यासारखं बोललो. खरी गोष्ट वेगळीच होती. त्या बॉक्स नंबरवर माझा अर्ज चार दिवसांपूर्वीच गेला होता, आणि मी ते त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी 'लिहा' म्हटल्यावर टाक उचलतानाच मी अक्षर बदललं होतं. माझं अक्षर उजवीकडे झुकतं. हे सगळं पत्र मी डावीकडे झुकवून लिहिलं. दोन्ही कागद सेठच्या टेबलावर शेजारी पडले तर एकाच हातचे आहेत हे कळू नये म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं, विचारही केला नव्हता. हातानं आपोआप केलं. आणि बावीस हंगामांचा तो मजकूर मी फार काळजीपूर्वक, सुवाच्य, डावीकडे झुकलेल्या अक्षरात लिहून काढला.

उत्तर कारखान्यात आलं तर कारकून फोडील, म्हणून त्यांनी पत्ता माझा दिला: मार्फत जगदेव पुंजाजी, मालेगाव. म्हणजे उत्तर येणार ते माझ्याच हातात. पत्ता एकच असल्यावर अक्षर बदलून काही लपणार नव्हतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

पुढचे तीन आठवडे मी वाशीमला गेलो की कारखान्यावर जाई. जायलाच हवं होतं असं नाही. पण न जाणं त्याहून अवघड वाटे. गोविंदसिंग रोलरवर चामडं चढवत असत. पुढच्या हंगामासाठी. ते विचारत, "आलं काई?" मी मान हलवी. मग ते मला काहीतरी दाखवत, पट्टा कसा जोडायचा, प्रेसची गाठ कशी बांधायची. एकदा रूपाबाई म्हणाल्या, "तुमाले सारं शिकवून राह्यले हे. पोरगा असता तं असंच शिकवलं असतं." मी चहाचा कप खाली ठेवला, तो सांडला.

गोविंदसिंगांनी त्यांना जाहिरातीचं काही सांगितलेलं दिसत नव्हतं.

भाद्रपदात पाकीट आलं. अकोल्याचा शिक्का, टाइप केलेला पत्ता. मी ते हातात घेतलं आणि प्रथम, हे लिहायलाच हवं, प्रथम मला आनंद झाला. पाकिटावर 'मार्फत' नव्हतं. ते माझं होतं.

'डिअर मिस्टर जगदेव' अशी सुरुवात होती. आपला अर्ज पसंत पडला आहे. अठरा तारखेला अकोल्यास येऊन भेटावे. जागा वाशीमच्या कारखान्यातील मॅनेजरची आहे. सध्याच्या मॅनेजरास याची कल्पना दिलेली नाही, सबब तूर्त कारखान्यास भेट देऊ नये व कोठे बोलू नये. खाली 'युवर्स सिन्सिअरली', आणि शाईनं सही: रामधन.

वडिलांनी विचारलं, "काय आलं रे?" मी म्हणालो, "जाहिरातीचं." त्यांनी पुढे विचारलं नाही, पण त्या दिवशी ओट्यावर त्यांचा आवाज जरा मोठा होता.

दोन दिवस मी ते पाकीट कोटाच्या खिशात ठेवून फिरलो. उत्तर कोणाला आलं नाही म्हणजे नकार, ही जाहिरातींची रीत. बॉक्स नंबरवाले नकार लिहून पाठवत नाहीत, नुसते गप्प बसतात. म्हणजे मीही गप्प बसलो तर नियमाबाहेर काही होणार नव्हतं. हे मी स्वतःला दोन दिवस पटवून दिलं. तिसऱ्या दिवशी वाशीमला गेलो.

"आलं काई?" गोविंदसिंगांनी विचारलं.

"आलं," मी म्हणालो. "माझं आलं."

आम्ही कचेरीत बसलो. मी पत्र काढलं आणि वाचून दाखवलं, पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत. 'सध्याच्या मॅनेजरास याची कल्पना दिलेली नाही' हेही. या वेळी कुठे थांबलो नाही.

ते म्हणाले, "तुमचं बी अर्ज गेल्तं का?"

"तुमचं लिहिलं त्याच्या आधीच. मी सांगितलं नाही."

"मंग सेठले दोन्ही अर्ज एका हातचे दिसले असतीन."

"नाही," मी म्हणालो. "तुमचा लिहिताना मी अक्षर बदललं होतं."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागानं नव्हे. एखादं यंत्र बिघडलं की ते असंच त्याच्याकडे पाहत, आधी हात न लावता.

"कायले?"

मी पत्राची घडी घातली. त्यांनी टेबलावरून एक सरकी उचलली, दाताखाली धरली आणि न फोडताच परत ठेवली.

"मले लिहिलं नाई सेठनं," ते म्हणाले. "'डिअर सर' बी नाई. ठीक. तुमी जा अकोल्याले. तुमी नाई गेले तं दुसरा कोनी जाईन. निदान तुमाले रोलर समजते."

मी गेलो नाही. त्यात मोठेपणा नव्हता. त्या घरात, त्या तुळशीसमोर मला राहता आलं नसतं एवढंच. सेठना नकार लिहिला. आता नाव माहीत होतं, त्यांनी मला नावानं लिहिलं होतं, रीतीप्रमाणे 'डिअर मिस्टर' लिहायला हवं होतं. मी 'डिअर सर' लिहिलं. उकंडरावांना दाखवलं तर ते म्हणाले, "वळख झाल्यावर 'सर'? त्यांना वाटन तुमी रागावले." मी म्हणालो, "वाटू द्या." पण खरं म्हणजे तो राग सेठवरचा नव्हता, आणि हे उकंडरावांनाही कळलं असावं.

वडिलांना मी सांगितलं, जागा भरली. ते म्हणाले, "बरं." त्यानंतर ओट्यावर बी.एस्सी.चा विषय निघाला नाही.

दसऱ्याआधी अमरावतीहून नवा पदवीधर आला. माझ्या नकारानं कोणाचंच काही वाचलं नाही. गोविंदसिंग आणि रूपाबाई रूपाबाईंच्या भावाकडे, प्रेमसिंगांकडे, मंगरूळपीरला गेले. बैलगाडीत सामान फार नव्हतं. तुळशीचं रोप रूपाबाईंनी मुळासकट एका डब्यात घेतलं होतं. मी स्टेशनच्या रस्त्यावर उभा राहून पाहिलं, पुढे झालो नाही. कारखान्याच्या आवारात कोणीतरी पहिली गाडी खाली करत होतं, आणि नव्या मॅनेजरांनी सरकी दाताखाली धरण्याऐवजी ओलावा मोजायला कापसाचा नमुना डब्यात भरला होता. माझ्या पुस्तकात होतं तसंच.

संक्रांतीला एक पोस्टकार्ड आलं. मराठीत, मोठ्या अक्षरात, ओळी वर चढत गेलेल्या. गोविंदसिंगांनी ते स्वतः लिहिलं होतं.

'चिरंजीव जगदेव यास अनेक आशीर्वाद. आम्ही सुखरूप आहोत. तीळगूळ घ्या. उत्तर लिहा.'

खाली सही, आणि सहीच्या वर 'आपला' नाही, 'विश्वासू' नाही, काही नाही. चिरंजीवाला लिहिताना लागत नाही.

मी त्याच दिवशी कोरं कार्ड घेऊन उत्तर लिहायला बसलो. नाव माहीत होतं. वय, नातं, तब्येत, सगळं माहीत होतं. त्यांनी नातं तर स्वतःच लिहून दिलं होतं. त्याला उलटा मायना एकच होतो, तीर्थरूप. वडिलांना लिहितो तो. मी टाक शाईत बुडवला, कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात श्री काढला, आणि त्याखाली 'ती' लिहिलं. ते अक्षर डावीकडे झुकलेलं होतं.

ते कार्ड फाडलं. दुसरं आणायला पोस्टात जातो म्हणून उठलो, पण गेलो नाही.